हजाराच्या आतला मेकअप

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास पुण्याच्या तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या बाजारपेठेत चक्कर मारलीत, तर मेकअपचे तयार डबे हमखास दिसतील. झाकण उघडलं की वर आरसा, खाली तीस-चाळीस रंगांच्या आयशॅडो, तीन-चार ब्लश, एखादा कॉम्पॅक्ट, लिपग्लॉसच्या चौकोनी वाट्या आणि स्पंजच्या टोकाच्या दोन काड्या. किंमत चारशे-पाचशेच्या घरात. ‘सगळं एकातच आलं ताई, वेगळं काही घ्यायला नको,’ असं दुकानदार म्हणतो आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहायला आलेल्या मुलीला ते पटतंही. पण या डब्यातला रोज लागणारा रंग नेमका नखाएवढा असतो आणि महिन्याभरात त्याचा तळ दिसतो. निळ्या, हिरव्या, चंदेरी वाट्या मात्र वर्षभर तशाच. पाचशेतले साडेचारशे रुपये न लागणाऱ्या रंगांवर जातात. शिवाय अशा कितीतरी डब्यांवर ते कुणी बनवलं याचा पत्ताच नसतो, त्याबद्दल पुढे बोलूच.

माझी भाची गेल्या वर्षी लातूरहून पुण्याला शिकायला आली. हॉस्टेल, मेस, बसचा पास आणि झेरॉक्स यांतून उरवून तिच्याकडे मेकअपसाठी हजार रुपये होते. तिने मोबाइलवरचे व्हिडिओ बघून यादी केली होती: प्राइमर, फाउंडेशन, कन्सीलर, कॉम्पॅक्ट, ब्लश, हायलायटर, आयलायनर, मस्कारा, काजळ, दोन लिपस्टिक आणि शेवटी फवारायचा फिक्सर. सगळं स्वस्तातलं धरूनही बेरीज अडीच हजारांच्या पुढे जात होती. मग आम्ही यादी बाजूला ठेवली आणि मेकअप कधी कधी लागणार ते लिहून काढलं. रोज कॉलेजला जाताना जेमतेम पाच मिनिटं. अधूनमधून प्रेझेंटेशन, वर्षातून एकदा गॅदरिंग आणि साडी डे, आणि दिवाळीनंतर नात्यातलं एखादं लग्न. एवढ्यासाठी चार कामं व्हावी लागतात. चेहऱ्यावरचं तेल दबलं पाहिजे, डोळे उठून दिसले पाहिजेत, ओठांना रंग हवा आणि रात्री हे सगळं नीट निघालं पाहिजे. यादीतल्या अकरा प्रकारांपैकी फाउंडेशन आम्ही सगळ्यात आधी खोडलं.

तिला धक्का बसला, कारण व्हिडिओत सगळी सुरुवात फाउंडेशननेच होते. पण नवशिक्यांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. लिपस्टिकचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जातो, फाउंडेशनचा नाही. ते त्वचेच्या रंगाशी जुळलंच पाहिजे आणि स्वस्त मालात सावळ्या किंवा गडद गव्हाळ वर्णासाठी शेड मोजक्याच असतात. त्यात दुकानातला सल्ला ठरलेला असतो, ‘एक शेड उजळ घ्या, छान दिसेल.’ छान दिसत नाही. उजळ शेडमध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचं प्रमाण जास्त असतं. ते सावळ्या त्वचेवर बसलं की चेहरा गोरा न दिसता राखाडी दिसतो, राख फासल्यासारखा, आणि हनुवटीखाली मान वेगळ्याच रंगाची राहते. दुसरी गोष्ट अशी की बरीचशी फाउंडेशनं लावल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत थोडी गडद होतात. हवा आणि चेहऱ्यावरचं तेल लागलं की रंग बदलतो. म्हणजे दुकानात अगदी जुळलेली शेड बसस्टॉपपर्यंत पोचेतो वेगळी झालेली असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्वचेला वरून पूर्ण थर देण्याची गरजही बहुतेकदा नसते. एखाद-दुसरा डाग, डोळ्यांखालची काळसर कड आणि दुपारी चमकणारं कपाळ, एवढाच प्रश्न असतो.

पुढे कधी फाउंडेशन किंवा कन्सीलर घ्यायचंच झालं, तर शेड बघण्याची एकच पद्धत खात्रीची आहे. मनगटावर नाही, गालावरही नाही. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरती अशी जवळजवळच्या तीन शेडची तीन बोटं ओढायची. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास न ठेवता बाहेर उजेडात यायचं, बाजारात एक फेरी मारायची आणि मग आरशात बघायचं. जी रेघ शोधावी लागते ती आपली शेड. आपल्याकडे उन्हामुळे कपाळ आणि ओठांच्या आजूबाजूची त्वचा गालापेक्षा गडद असते, म्हणून चेहऱ्याच्या मधल्या भागावर जुळवलं तर फसगत होते. नव्या वस्तूचा थेंब कानामागे लावून एक-दोन दिवस बघावं. खाज, पुरळ आली नाही तरच ती चेहऱ्यावर घ्यावी.

फाउंडेशनच्या जागी राहिला कॉम्पॅक्ट. दीड-दोनशे रुपयांत बरा मिळतो, आणि त्याचं काम फक्त तेल दाबणं आणि रंग किंचित एकसारखा करणं हे आहे. घरातली टाल्कम पावडर हे काम थोडंफार करते, पण ती पांढरी असल्यामुळे फोटोत चेहरा भुतासारखा येतो. कॉम्पॅक्टचा पफ चेहऱ्यावर घासायचा नाही, दाबायचा. तोही सगळीकडे नको. कपाळाचा मधला भाग, नाक, नाकाच्या दोन्ही बाजू आणि हनुवटी एवढंच पुरतं. गालांवर पावडर चढवली की चेहरा सपाट आणि सुका दिसतो, आणि डिसेंबरच्या थंडीत तर साल निघाल्यासारखी.

कॉम्पॅक्टचं एक दुखणं मुली नेहमी सांगतात. दोन-तीन महिन्यांनी तो ‘लागतच नाही’. अर्धी डबी भरलेली दिसते, पण पफवर काही येत नाही. जवळून बघितलं तर पावडरीवर एक गुळगुळीत, चकचकीत कवच आलेलं असतं. चेहऱ्याचं तेल पफमधून पावडरीवर उतरतं आणि तिथे दाबलं जाऊन घट्ट बसतं. डबी टाकून द्यायची गरज नसते. सेलोटेपचा तुकडा त्या कवचावर हलकेच चिकटवून उचलला की वरचा थर निघून येतो आणि खालची पावडर मोकळी होते. खरा दोष मळलेल्या पफचा असतो. पफ आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. म्हणून वीस-तीस रुपयांचा एक जादा पफ आम्ही हिशेबात धरला. एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. ओल्या पफमुळे पुटकुळ्या येतात आणि दोष मात्र कॉम्पॅक्टच्या कंपनीला मिळतो.

दुसरी वस्तू लिपस्टिक, आणि ती एकच. इथे मात्र निवड विचार करून करायची, कारण तिच्याकडून ब्लशचंही काम करून घ्यायचं आहे. सध्या द्रवरूप मॅट लिपस्टिकची चलती आहे. ती कपावर लागत नाही, वडापाव खाल्ला तरी टिकते. पण ती ओठांवर सुकते तशी गालावरही सेकंदांत सुकते, तिचे डाग पडतात आणि ते पसरवता येत नाहीत. शिवाय ओठ सुके असतील तर भेगा उठून दिसतात. जुन्या पद्धतीची फिरवून वर येणारी, क्रीमसारखी कांडी घेतली तर एका वस्तूत दोन कामं होतात. लिपस्टिक हातावर आधी टेकवायची, अनामिकेने तिथे थोडी फिरवून मऊ करायची आणि हसल्यावर गाल जिथे वर येतो तिथून कानाकडे थापटत न्यायची. हे कॉम्पॅक्टच्या आधी करायचं. पावडरीवर क्रीम लावलं की चट्टे पडतात, आणि ते बोटाने पुसायला गेलं की आणखी वाढतात. गालांवर मुरुमं असतील तर हा प्रयोग टाळावा, कांडीतलं मेण आणि तेल तिथे त्रास देऊ शकतं.

रंग कोणता? आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला विटकरी, मरूनकडे झुकणारा गुलाबी, पिकल्या जांभळाचा लालसर रंग हे सगळे खुलतात आणि गालावरही खरे वाटतात. ‘न्यूड’ म्हणून विकले जाणारे बरेच रंग गोऱ्या ओठांसाठी बनवलेले असतात. आपल्या ओठांवर ते कन्सीलर लावल्यासारखे फिके, आजारी दिसतात. न्यूड हवाच असेल तर तो स्वतःच्या ओठांहून अर्धी छटा गडद घ्यावा. रंग बघताना तळहाताच्या मागच्या बाजूला रेघा ओढण्यापेक्षा बोटाच्या पेरावर लावून बघावा, पेराची लाली ओठांच्या जवळची असते. दुकानातली टेस्टर कांडी ओठांना लावायची नाही, मग ती विकणारी मुलगी कितीही टिश्यूने पुसून देवो. आणि हीच लिपस्टिक पापण्यांवर शॅडो म्हणून फिरवायचा जुगाड व्हिडिओत दाखवतात तो सोडून द्यावा. ओठांसाठी चालणारे सगळे रंग डोळ्यांजवळ चालतात असं नाही.

डोळ्यांसाठी काजळ, आणि या वस्तूवर पन्नास रुपये वाचवायला जाऊ नये. डोळ्याच्या ओल्या कडेला रोज लागणारी ही एकमेव गोष्ट आहे. नाव-पत्ता असलेल्या कंपनीचं काजळ शंभर ते दोनशेच्या दरम्यान मिळतं. फिरवून वर येणाऱ्या काजळाच्या कांडीत माल अगदी थोडा असतो, बऱ्याचदा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, आणि ती दोन मिलिमीटरहून जास्त बाहेर काढली की मोडते. मोडलेला तुकडा परत आत बसत नाही. लाकडी पेन्सिल असेल तर तोडणीचा त्रास आहे, पण प्रत्येक वेळी टोक काढलं की वरचा वापरलेला थर निघून स्वच्छ काजळ पुढे येतं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीसाठी मला तरी पेन्सिलच बरी वाटते. जत्रेत किंवा दर्ग्याबाहेर डबीत मिळणारा सुरमा मात्र नको. पारंपरिक सुरम्यात बहुतेकदा शिशाचं खनिजच कुटलेलं असतं, आणि शिसं शरीरात साठत जातं.

काजळ पसरतं आणि दुपारपर्यंत डोळ्याखाली काळं होतं ही तक्रार किमतीवर फारशी अवलंबून नसते. डोळ्याखालच्या त्वचेवर तेल किंवा क्रीम असेल तर काजळातलं मेण त्यात विरघळतं आणि पापण्यांच्या उघडझापीबरोबर खाली सरकतं. म्हणून काजळ घालण्याआधी डोळ्याखालचा भाग रुमालाने टिपायचा, पफच्या कडेला उरलेली पावडर तिथे टेकवायची आणि मग रेघ ओढायची. साडी डेला आयलायनर हवं असेल तर हीच पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी ओढून कापसाच्या काडीने बाहेरच्या कोपऱ्याकडे पुसट करायची. लायनरची तलवारीसारखी धार येणार नाही, पण गॅदरिंगच्या दिव्यांत ते धुरकट डोळे छान दिसतात.

काजळ कुणाला द्यायचं नाही. मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, तेव्हा हॉस्टेलांमध्ये एकमेकींचे टॉवेल आणि काजळ वापरू नका अशा सूचना द्यायची वेळ आली होती. डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत काजळ बंद आणि त्या वेळी वापरात असलेलं काजळ सरळ कचऱ्यात. कॉम्पॅक्ट वाटून घ्यायला हरकत नाही, पफ मात्र प्रत्येकीचा आपापला.

आता रात्रीचं काम. यादी करताना हेच नेमकं विसरलं जातं. टिकाऊ काजळ नुसत्या फेसवॉशने निघत नाही, मग मुली डोळे चोळतात आणि सकाळी डोळ्याखाली काळं राहतं ते वेगळंच. तेलातला रंग तेलानेच सुटतो, म्हणून चाळीसेक रुपयांची खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि कापूस हा आमचा रिमूव्हर ठरला. कापसावर दोन थेंब घ्यायचे, मिटलेल्या डोळ्यावर दहा-बारा सेकंद नुसतं धरून ठेवायचं, मग खालच्या दिशेने पुसायचं, घासायचं नाही. त्यानंतर फेसवॉश, तो चुकवायचा नाही. खोबरेल तेल रोमरंध्रांत बसून मुरुमं वाढवू शकतं. ज्यांना आधीच मुरुमं आहेत त्यांनी ते डोळे आणि ओठांपुरतंच ठेवावं. लेन्स लावणारीने आधी लेन्स काढाव्यात.

एवढ्या वस्तूंचा हिशेब असा झाला. लिपस्टिक 180, काजळ 150, कॉम्पॅक्ट 200, जादा पफ 30, तेल आणि कापूस 60, टिकल्यांची दोन पाकिटं 20. एकूण 640. उरले 360. भाचीला या पैशांत कन्सीलर हवं होतं, मी सनस्क्रीनच्या बाजूने होते. पन्नास ग्रॅमची बरी ट्यूब तीनशेच्या आसपास येते. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं, म्हणजे एका वेळी साधारण ग्रॅमभर लागतं. रोज एकदा लावलं तर ट्यूब दीड महिना पुरते. म्हणजे लिपस्टिकसारखी ती एकदाची खरेदी नाही, साबण-टूथपेस्टसारखा महिन्याचा खर्च आहे आणि त्याच रकान्यात धरायला हवा. पण दुपारच्या उन्हात बसस्टॉपवर उभं राहणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे डाग उमटतात ते झाकण्यासाठीच पुढे कन्सीलर लागतं. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त लिहिलेलं, आणि लावून पाच मिनिटांनी पांढरट न दिसणारं सनस्क्रीन घ्यायचं. जाड पांढरं सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर उजळ फाउंडेशनसारखाच राखाडी थर देतं. बेरीज 940 झाली. कन्सीलर पुढच्या महिन्यावर गेलं, आणि ते जबड्यावर रेघा ओढून, उजेडात बघूनच घेतलं.

टिकलीबद्दल एक जाता जाता. दहा रुपयांत चेहऱ्याचा नूर बदलणारी दुसरी वस्तू नाही, पण एकाच जागी रोज लावली आणि खाली खाज किंवा पांढुरका डाग दिसू लागला तर ती लगेच बंद करावी. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनामुळे त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो.

खरेदीला जाताना पैसे वाचवायचे ते ब्रँड बदलून, लेबल सोडून नाही. एल 18, ब्लू हेवन, इनसाइट, स्विस ब्यूटी, मार्स अशी विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी नावं कुठल्याही चांगल्या दुकानात असतात. वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी आणि एमआरपी या गोष्टी असायलाच हव्यात. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नामांकित ब्रँडची सहाशेची लिपस्टिक रस्त्यावर ऐंशीला मिळत असेल तर ती नक्कल आहे असंच समजावं. बॉक्सवरचा बॅच नंबर आणि आतल्या कांडीच्या बुडाशी असलेला नंबर जुळवून बघावा. नकलेत तो बऱ्याचदा जुळत नाही किंवा नसतोच. तारखेवर वरून चिकटवलेलं दुसरं स्टिकर दिसलं तर वस्तू परत ठेवावी.

बिनलेबलच्या मालात सगळ्यात धोकादायक म्हणजे आठ दिवसांत गोरं करणारी क्रीम्स. त्यांत पारा असू शकतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी स्थानिक पातळीवर मिळालेलं असं क्रीम वापरलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडांवर परिणाम झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाल्यावर क्रीममधला पारा उघड झाला, आणि 2023 मध्ये त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. लावल्यावर चार दिवसांत चेहरा उजळला तर आनंद मानण्याऐवजी डबीवर पत्ता आहे का ते बघावं.

तीन-चार महिन्यांनी हातात पुन्हा दोनशे रुपये उरले तर आधी भुवयांची तपकिरी-काळी पेन्सिल घ्यावी, ती वर्षभर पुरते. मस्कारा सगळ्यात शेवटी. उघडल्यावर तो तीन ते सहा महिन्यांत टाकावाच लागतो, कारण ब्रश प्रत्येक वेळी पापणीवरचे जंतू घेऊन त्याच ओल्या नळीत जातो. नळीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात आकडा, तो महिन्यांचा. वर्षातून चार वेळा मस्कारा लावणारीने तो लग्नसराईच्या तोंडावर घ्यावा, जूनमध्ये नाही.